उजव्या गालाचं ऊन

सिडकोतल्या उत्तमनगरच्या चौकात सुवर्णा गांगुर्डेचं पार्लर होतं. दोन खुर्च्या, तीन आरसे, एक वाफेचं मशीन आणि भिंतीवर आयटीआयचं फ्रेम केलेलं सर्टिफिकेट. सर्टिफिकेट अशा ठिकाणी लावलेलं की खुर्चीत मान मागे टाकली की पहिली नजर त्यावरच जावी. सुवर्णाला आपल्या कामाचा अभिमान होता. शेजारपाजारच्या बायका त्याला तोरा म्हणायच्या, पण म्हणायच्या तिच्याच खुर्चीत बसून, तेव्हा त्यात फारसा अर्थ नव्हता.

दोन हजार पाचच्या मार्चमध्ये तिनं एक कार्ड छापून घेतलं. एका बाजूला पार्लरचं नाव, दुसऱ्या बाजूला चेहऱ्याचं वेळापत्रक. सकाळी सात: चेहरा धुणे, मॉइश्चरायझर. सकाळी नऊ, घराबाहेर पडताना: सनस्क्रीन. रात्री नऊ: चेहरा धुणे, रात्रीचं क्रीम किंवा डॉक्टरांचं औषध. तळाशी ठळक अक्षरात ‘वेळ पाळा’. नवऱ्यानं, सहादूनं, कार्ड उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, “हे तर आमच्या कंपनीतल्या नोटिशीवानी झालं.” सुवर्णाला ती तारीफच वाटली.

हे कार्ड सर्वांत जास्त घेतलं ते ट्रान्सक्रिप्शनच्या मुलींनी. अंबडमध्ये दोन वर्षांपूर्वी त्यांचं ऑफिस सुरू झालं होतं. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाले की त्याचा अहवाल तोंडी रेकॉर्ड करायचे, तो आवाज इकडे यायचा, आणि या मुली कानाला हेडफोन लावून, पायानं पेडल दाबत, ऐकलेलं टाइप करायच्या. अमेरिकेत दिवस म्हणजे इथं रात्र. म्हणून ड्यूटी रात्री साडेनऊ ते सकाळी साडेसहा. मुलींना आणणारी-सोडणारी सुमो पार्लरसमोर थांबायची. सिडकोतल्या मुली गोळा होईपर्यंत पंधरावीस मिनिटं जायची, आणि तेवढ्यात गाडीतल्या बाकीच्या मुली सुवर्णाकडे डोकावायच्या.

त्यांतलीच एक मेहविश. जुन्या नाशकातली, बी.एस्सी. झालेली, तेवीस वर्षांची. सुमो तिच्या वडिलांचीच होती. अकबरभाईंनी गाडी त्या ऑफिसला लावलेली, आणि पोरीला रात्रीच्या नोकरीची परवानगी मिळाली ती याच एका मुद्द्यावर, की नेणार-आणणार बापच. सुरुवातीला बिरादरीत कुजबुज झाली, तेव्हा अकबरभाई छाती काढून सांगत, “अमेरिकेचा डॉक्टर बोलतो आणि माझी पोरगी लिहिते. तिच्याशिवाय त्याचा कागद पुढे सरकत नाही.” गाडीच्या टपावर भोंगा लावून सांगायचं तेवढं बाकी होतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मेहविश सुवर्णाकडे एक छोटी ट्यूब घेऊन आली. हनुवटीवर, गालांवर मुरमं उठायची म्हणून ती शरणपूर रोडच्या डॉक्टर खैरनारांकडे गेली होती. त्यांनी मुरमांचं जेल दिलं होतं.

“ताई, डॉक्टर म्हणाले रात्री लावा. म्हणजे कधी लावू?”

सुवर्णानं ट्यूब पाहिली. हे जेल तिला माहीत होतं. त्यानं त्वचेचा वरचा थर लवकर लवकर निघतो आणि नवा येतो, म्हणून थोडी सालं निघतात, आणि त्या नव्या त्वचेला ऊन सोसत नाही. म्हणूनच ते रात्री लावायचं. एवढं माहीत असलेल्या बाईनं पुढचा विचार करायला हवा होता. पण तिनं पेन घेतलं आणि कार्डावरच्या ‘रात्री नऊ’भोवती गोल केला.

“नऊ म्हणजे नऊ. वाटाण्याएवढं घ्यायचं, जास्त नाही. आणि हे सुरू असेपर्यंत माझ्याकडे ब्लीच नाही, फेशियल नाही, वॅक्स तर नाहीच. मागितलंस तरी मी करणार नाही.”

त्या दिवसापासून मेहविश रोज नवाच्या ठोक्याला सुवर्णाच्या आरशासमोर उभी राहायची, तोंड धुवायची, जेल लावायची आणि गाडीत जाऊन बसायची. सुवर्णा इतर गिऱ्हाइकांना दाखवायची, “बघा, शिस्त म्हणतात ती ही.”

मे उजाडला तसं मेहविशचं पार्लरमध्ये डोकावणं बंद झालं. छायाला, सिडकोतल्या तिच्या मैत्रिणीला, विचारलं तर ती म्हणाली, “तिचा चेहरा जळालाय ताई. ओढणी सोडतच नाही.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आठलाच सुमो आली. अकबरभाई एकटे उतरून पार्लरच्या पायरीशी उभे राहिले. बायकांच्या पार्लरमध्ये ते कधी पाऊल टाकत नसत.

“ताई, एक मिनिट बाहेर या. मेहविश गाडीत आहे, तिच्यासमोर बोलायचं नाही.” सुवर्णा पायरी उतरली तसे म्हणाले, “एकतीस तारखेला तिची शेवटची ड्यूटी. सांगून टाकलंय घरी. तोंड पाहिलंत का तिचं? रात्रभर त्या कॉम्प्युटरसमोर बसते, त्याच्या किरणांनी भाजलंय. तिची अम्मी रोज रडते. नोकरी काय, दुसरी मिळेल. कातडी दुसरी मिळत नाही.”

“डॉक्टरांना दाखवलंत?”

“डॉक्टरांचंच औषध लावते ना. तुमच्या कार्डाप्रमाणे, टाइमावर. औषध, कार्ड, सगळं चालू आहे आणि तरी गाल जळतोय, म्हणजे दुसरं काय राहिलं? कॉम्प्युटरच.” त्यांचा आवाज खाली आला. “तुमचा दोष काढत नाही मी. तुम्ही तर तिची काळजी घेतली.”

दोष काढला असता तर सुवर्णानं दोन शब्द ऐकवले असते. पण न काढलेला दोष बाईला जास्त झोंबतो. त्यात छायानं गाडीत चढता चढता आणखी एक गोष्ट सांगितली: एक जूनपासून मेहविशला एडिटर करणार होते. म्हणजे दुसऱ्या मुलींनी टाइप केलेलं तपासायचं, चुका पकडायच्या. सव्वाशे जणांतून तिघांची निवड झाली होती. हे तिनं घरी अजून सांगितलंच नव्हतं, कारण सांगून उपयोग काय.

सुवर्णा गाडीच्या खिडकीशी गेली. “मेहविश, आत ये. पाच मिनिटं.”

“अब्बा—”

“अब्बांना मी सांगते. ये.”

ट्यूबलाइटखाली ओढणी सुटली. गाल लालभडक, सालं सुटलेली, नाकाच्या बाजूला चिरा. तिनं हात न लावता, मान इकडून तिकडे वळवायला सांगून नीट पाहिलं. बावीस वर्षं चेहरे पाहणारी बाई ती. पहिल्या धक्क्यानंतर तिचे डोळे आपोआप कामाला लागले. आणि एक गोष्ट खटकली. डावा गाल लाल होता, कोरडा होता. पण उजवा गाल भाजलेला होता. कपाळाची उजवी बाजू, उजवं कानशील, उजवा जबडा. जणू कुणी चेहऱ्याच्या मधोमध रेघ ओढली होती.

“ऑफिसात तुझा कॉम्प्युटर कुठं असतो?”

“समोर.”

“अगदी समोर? बाजूला नाही?”

“समोरच ताई. मान वाकडी करून कोण आठ तास टाइप करेल?”

समोरच्या वस्तूनं भाजलं तर दोन्ही गाल सारखे भाजायला पाहिजेत. कॉम्प्युटर काही उजव्या गालावर डूख धरून बसलेला नसतो. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायचं चाललं होतं, एवढं सुवर्णाच्या ध्यानात आलं. पण चोर कोण, ते कळेना. बाहेर अकबरभाईंनी हॉर्न दिला. सुवर्णानं मेहविशच्या हातातली जेलची ट्यूब काढून घेतली. “आज हे लावू नकोस. चिरलेल्या कातडीवर काही लावायचं नाही, साधं मॉइश्चरायझर सोडून. बाकी मी बघते.”

बघते म्हणाली खरी, पण काय बघणार ते तिलाच ठाऊक नव्हतं.

त्या रात्री जेवताना तिनं सहादूला सगळं सांगितलं. सहादू मूळचा दिंडोरीकडचा, अंबडला एका कारखान्यात मशीनवर. त्याच्या शिफ्ट आठवड्याला बदलत. तो तोंडात घास ठेवूनच म्हणाला, “पोरीला जेल नवाला लावायला कोण बोललं?”

“मी. रात्रीचं औषध आहे.”

“मंग ती नवाला झोपती का?”

“ड्यूटीवर जाते.”

“हां. मला डॉक्टरनं कोलेस्टेरॉलची गोळी दिली, झोपताना घ्या बोलले. थर्ड शिफ्टच्या हप्त्याला मी ती सकाळी येऊन घेतो. डॉक्टरलाच इचारलं होतं तवा. आपली झोप असंल तवा आपली रात. कंपनीत समद्यांना म्हाईत हाय.” त्यानं पाण्याचा पेला उचलला. “तुझ्या कार्डावं थर्ड शिफ्ट छापलीच नाय.”

सुवर्णानं हातातला घास ताटात ठेवला. बारा वर्षं ती या माणसाचा डबा शिफ्टप्रमाणे भरत होती. नाइटच्या आठवड्यात दुपारी घरात कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही, खिडकीला चादर लावायची, पोरांना बाहेर काढायचं, हे सगळं तिच्या अंगवळणी पडलेलं. आणि कार्ड छापताना मात्र तिनं नाशकात सगळे जण रात्री अकराला झोपतात असं धरून चाललं होतं. तिला स्वतःची लाज वाटली, अगदी सरळ, साधी लाज. तिनं ताट तसंच सरकवलं आणि कागद घेऊन बसली.

सकाळी सव्वासहाला ती अंबडच्या ऑफिसच्या गेटवर उभी होती. अकबरभाईंना वाटलं सहादूला काही झालं. “तसं काही नाही,” ती म्हणाली. “मला जुन्या नाशकात काम आहे, तुमच्या गाडीतून येऊ का?” हे खोटं होतं, पण अगदीच खोटं नव्हतं.

मुली बाहेर आल्या. आठ तास एसीत बसून चेहरे सुकलेल्या भाजीसारखे झालेले. मेहविश चढली आणि सवयीनं आपल्या जागेवर, ड्रायव्हरच्या बरोबर मागे, खिडकीशी बसली. सुवर्णा तिच्या शेजारी. गाडीला एसी नव्हता, काचा खाली होत्या.

“हीच जागा रोजची?” सुवर्णानं विचारलं.

“अब्बांनी ठरवून दिलीये. त्यांना आरशात दिसते मी. सगळ्यात शेवटी उतरते ना, गाडीत एकटीच उरते.”

गाडी आधी सातपूरकडे निघाली, तिथून गंगापूर रोड. सगळी वाट उत्तरेकडची, म्हणजे उगवतीचा सूर्य उजव्या हाताला. मे महिन्यातला सूर्य सात वाजले तरी पोराबाळांसारखा कोवळा नसतो, आणि साडेसातनंतर तर तो चांगलाच बोलायला लागतो. मेहविशनं घरच्या गाडीत म्हणून ओढणी खाली घेतली, डोकं खिडकीच्या दांडीला टेकवलं आणि पाच मिनिटांत तिचा डोळा लागला. झोपेत तिचा उजवा गाल सरळ उन्हात. पुढे आरशात अकबरभाई मधूनमधून लेकीकडे पाहत होते, लेक सुखरूप आहे म्हणून समाधानानं. सुवर्णा हे सगळं पाहत होती आणि तिच्या मनात हिशेब नव्हे, चीड उठत होती, आणि ती चीड स्वतःवरची होती. सव्वा तास. रोज. ज्या कातडीला ऊन सोसत नाही, तिला सव्वा तास ऊन.

गंगापूर रोडला छाया सोडून बाकीच्या मुली उतरल्या. छाया खरं तर सिडकोची, तिनं अंबडहून पायीच घर गाठायला हवं होतं, पण काय होतंय ते बघायला ती मुद्दाम गाडीत बसली होती. सुवर्णानं मेहविशला हलवलं.

“उठ ग. तुझा रोजचा दिवस सांग मला. काही सोडू नकोस.”

मेहविश डोळे चोळत सांगायला लागली. नऊला जेल, साडेनऊला ड्यूटी. बाराच्या सुमाराला झोप अनावर होते म्हणून साबणानं तोंड धुते. दोनला कॅन्टीन, बटाटेवडा आणि गोड चहा. पुन्हा साबण. चारला पुन्हा. एसीचा झोत वरून. ऐकताना हनुवटी तळहातावर टेकलेली, हेडफोनचा स्पंज गालाला. घरी साडेआठला, अम्मी पुरं जेवण वाढते, रात्रीचं राहिलेलं. नऊला आडवी. पोटात जळजळतं. साडेबाराला कुणीतरी दार वाजवतं, झोप मोडते. मग चार ते सहा पुन्हा. “आणि सनस्क्रीन मी विसरत नाही हां ताई,” ती घाईनं म्हणाली. “कार्डात लिहिलंय, घराबाहेर पडताना. संध्याकाळी साडेसातला निघते तेव्हा लावते.”

छायाला हसू आवरेना. सुवर्णाला मात्र आलं नाही. सूर्य बुडाल्यावर सनस्क्रीन, ड्यूटीला जाताना झोपण्याआधी लावायचं औषध, आणि उन्हात उघडा चेहरा. आणि पोरीनं एकही गोष्ट आपल्या मनानं केली नव्हती. सगळी कार्डाबरहुकूम.

“अकबरभाई, गाडी बाजूला घ्या जरा.”

गाडी थांबली. सुवर्णानं सांगून टाकलं. जेल लावायची वेळ तिनंच चुकीची सांगितली. कॉम्प्युटरनं काही भाजलेलं नाही. भाजलंय ते उन्हानं, या खिडकीतून. उजवाच गाल का, ते तिनं बोटानं दाखवलं.

अकबरभाईंनी आरसा थोडा वळवला आणि लेकीचा चेहरा पाहिला, यावेळी नीट.

“ही जागा मी दिली,” ते म्हणाले.

“आणि वेळ मी दिली. अर्धं अर्धं वाटून घेऊ. पण मी काही डॉक्टर नाही. माझं खरं की नाही ते खैरनार डॉक्टरांना विचारू या. आजच.”

अकबरभाईंनी नुसती मान हलवली. त्यात होकार किती आणि थकवा किती, कळायला मार्ग नव्हता. एकतीस तारखेचं काय, ते तर त्यांनी विषयातच घेतलं नाही.

दवाखान्यात साडेदहाला नंबर लागला. मेहविश बाकावर बसल्या बसल्या डुलक्या घेत होती. डॉक्टर खैरनार तब्येतीनं बारीक आणि बोलायला सावकाश. त्यांनी भिंग लावून दोन्ही गाल पाहिले.

“हे ऊन आहे,” ते म्हणाले. “आणि वरून साबण. कामाची वेळ काय तुमची?”

मेहविशनं सांगितलं. डॉक्टरांनी भिंग खाली ठेवलं. “मी हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. कुणी लक्षात आणून दिलं?”

“सुवर्णाताईंनी,” मेहविश म्हणाली.

“चुकीचं सांगितलं तेही मीच,” सुवर्णा म्हणाली आणि पर्समधून रात्री बसून लिहिलेला कागद काढला. “डॉक्टर, हे तपासून द्या. यात चूक राहायला नको आता.”

कागदावर घड्याळाची वेळ कुठंच नव्हती. होतं ते असं: ड्यूटी सुटायच्या आधी, मग ती कधीही सुटो, सनस्क्रीन लावूनच गाडीत बसायचं. घरी येऊन तोंड धुवायचं, कोरडं होऊ द्यायचं, आणि मोठ्या झोपेआधी औषध. खिडकीला जाड पडदा. उठल्यावर धुवायचं आणि मॉइश्चरायझर. ड्यूटीवर झोप आली तर नुसतं पाणी, साबण नाही.

डॉक्टरांनी वाचलं. एका जागी पेन टेकवलं. “धुतल्यावर वीस मिनिटं थांबायचं, हे घाला. ओल्या चेहऱ्यावर हे जेल जास्त चावतं.”

“आणि झोप दोन तुकड्यांत होते तिची. दुसऱ्या झोपेआधी पुन्हा लावायचं?”

“नाही. चोवीस तासांत एकदाच. जी झोप लांब, तिच्याआधी. आणि आता तर आठ-दहा दिवस बंदच. गाल भरून आला की एक दिवसाआड सुरू करायचं.” मग ते मेहविशकडे वळले. “घरी आल्या आल्या पोटभर जेवून झोपू नका. मुख्य जेवण ड्यूटीआधी, रात्री काहीतरी हलकं. चहा कमी गोड. वडा खाल्ला म्हणून गाल जळत नाही, पण जळजळ झाली की झोप मोडते, आणि झोप मोडली की कातडी सावरायला वेळ घेते. हनुवटीवरून हात काढा, हेडफोनचा स्पंज पुसत जा.”

अकबरभाई इतका वेळ दाराशी उभे होते. ते पुढे आले. “आणि कॉम्प्युटर?”

“कॉम्प्युटरनं असा चेहरा भाजत नाही. डोळे थकतात, मान आखडते. गाल नाही.”

“पक्कं?”

“पक्कं.”

डॉक्टरांनी नवीन कागद ओढला, भराभर लिहिला आणि पुढे केला. अक्षर असं की मुंग्यांची रांग बरी. सुवर्णा घ्यायला हात करणार तोच मेहविशनं तो घेतला. अर्धवट झोपेतच तिनं नजर फिरवली, आणि तिची झोप उडाली. तिनं सुवर्णाकडे पाहिलं, अब्बांकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे.

“डॉक्टर, मागच्या वेळी जेल पॉइंट झिरो टू फाइव्ह टक्क्याचं होतं. इथं पॉइंट झिरो फाइव्ह लिहिलंय. म्हणजे दुप्पट.”

डॉक्टरांनी कागद परत घेतला. चष्मा वर केला, जुना केसपेपर काढला, दोन्ही शेजारी ठेवले. चिरलेल्या गालावर दुप्पट ताकदीचं औषध म्हणजे काय, ते सुवर्णाला सांगावं लागणार नव्हतं.

“बरोबर आहे तुमचं,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी खोडलं, नव्यानं लिहिलं आणि खोडल्याजागी सही केली. “केमिस्टनं हे दिलं असतं, कारण त्यानं का द्यायचं नाही? माझं अक्षर माझ्या कंपाउंडरला लागत नाही. तुम्हाला कसं लागलं?”

“माझं कामच आहे ते. डॉक्टर काय बोलले ते ऐकायचं आणि लिहायचं. कधी ते झोपेत बोलल्यासारखं बोलतात, औषधाचा आकडा चुकतो. मग आम्ही खूण करून परत पाठवतो. गेल्या महिन्यात माझ्या चार खुणा बरोबर निघाल्या.” तिनं मान खाली घातली. “म्हणून एक तारखेपासून एडिटर करणार आहेत. पण मी तिथं नको म्हणून सांगितलंय.”

ती सगळं एकसुरात बोलली, बढाई म्हणून नाही. पण अकबरभाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. दोन वर्षं ते सगळ्या गल्लीला सांगत होते, माझी पोरगी अमेरिकेच्या डॉक्टरचं लिहिते. ती नेमकं काय करते, ते त्यांनी पाहिलं मात्र आज, या खोलीत. डॉक्टरची चूक पकडते. घाबरत नाही, आवाज चढवत नाही, आणि पकडते. सुवर्णाला वाटलं, आपण या मुलीला तोंड धुवायला शिकवायला निघालो होतो. तिचा ऊर भरून आला, आणि नेहमीसारखा स्वतःच्या अभिमानानं नव्हे.

डॉक्टरांनी सुवर्णाचा कागदही परत दिला. “याच्या झेरॉक्स काढून ठेवा माझ्याकडे पाच-पन्नास. सिव्हिलच्या नर्स येतात, वॉचमन येतात, कारखान्यातले येतात. मी सगळ्यांना ‘रात्री’च सांगत आलोय. खाली तुमचं नाव घाला.”

“नाव नको. चुका निघाल्या तर?” सुवर्णा म्हणाली. मग तिचा मूळ स्वभाव उसळून आला. “घालते. ठळक.”

बाहेर आल्यावर ऊन चांगलंच तापलं होतं. अकबरभाई मेहविशच्या पुढे झाले, गाडीचं डाव्या बाजूचं दार उघडलं आणि तिला सावलीच्या बाजूला बसवलं. तिची ओढणी त्यांनी स्वतःच्या हातानं गालावरून घेतली, लहानपणी घेत असतील तशी. मग ते दार धरून उभे राहिले. एकतीस तारखेचा शब्द घरात सगळ्यांसमोर दिलेला होता, आणि शब्द मागे घेणं त्यांच्या जिवावर येत होतं, हे सुवर्णाला स्पष्ट दिसत होतं.

“एडिटर म्हणजे,” त्यांनी विचारलं, “बाकीच्या पोरींच्या चुका तू काढणार?”

“हो अब्बा.”

“आणि तिकडच्या डॉक्टरच्या?”

“त्याही.”

अकबरभाईंनी दार हलकेच लावलं, फिरून आपल्या सीटवर येऊन बसले आणि किल्ली फिरवायच्या आधी म्हणाले, “एक तारखेचं तुझ्या अम्मीला मी सांगतो. तू आता घरी जाऊन झोप. संध्याकाळी सहाला मी उठवीन, ड्यूटीवर जायचंय.”